भाड्याची गाडी परत केल्यावर नुकसान दाखवलं: आधीचे आणि नंतरचे फोटो ताडून कसे पाहायचे?

मीनल_चिंचवड

पुण्याहून गणपतीपुळ्याला जायला सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली होती. पांढरी हॅचबॅक, काळी पाटी, रीतसर कंपनीची. सोमवारी सकाळी परत केली तेव्हा यार्डातल्या मुलाने गाडीभोवती एक फेरी मारली, "ठीक आहे ताई" म्हणाला आणि किल्ली ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेल आला की तीन ठिकाणी नवीन नुकसान सापडलंय आणि डिपॉझिटमधून 11,800 रुपये कापतोय. डाव्या मागच्या दारावरचा ओरखडा 4,300, पुढच्या डाव्या चाकाची रिम घासली त्याचे 3,500, पुढच्या बंपरची खालची कड 4,000. सोबत प्रत्येकाचा एक फोटो आणि डॅशबोर्डचा एक.

माझ्याकडे आहे ते असं. गाडी घेताना त्यांच्या ॲपमध्ये आठ फोटो टाकल्याशिवाय दार उघडत नाही, ते आठ फोटो. यार्डात संध्याकाळी काढलेला दोन-अडीच मिनिटांचा व्हिडिओ. पाऊस नुकताच थांबलेला, गाडी ओली. त्यांचा फॉर्म, ज्यात "फ्रंट बंपर – मायनर स्क्रॅचेस" एवढंच लिहिलंय. आणि परत देताना मी काढलेले सहा फोटो.

भांडण करायचं नाहीये. जे आमच्याकडून झालं असेल ते भरायची तयारी आहे. पण कुठलं आमचं आणि कुठलं आधीचं, हे या फोटोंवरून ठरवायचं कसं? आणि ठरलं तर त्यांना लिहून कळवायचं कसं?

राजाभाऊ

गाडीचा इन्शुरन्स असतोच ना? मग क्लेम टाकायला सांगा आणि विषय संपवा. झीरो डेप असेल तर फार काही भरावं लागत नाही.

अण्णा_भोसरी

राजाभाऊ, इन्शुरन्स गाडीमालकाचा असतो. तुम्ही सही करता त्या करारात किती रकमेपर्यंतचं नुकसान भाडेकरूने सोसायचं ते लिहिलेलं असतं, आणि चार-पाच हजारांची कामं बहुतेक त्या मर्यादेच्या आतच बसतात. शिवाय एवढ्याशा कामासाठी क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं सलग क्लेम नसेल तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे कुठलाही मालक ओरखड्यासाठी क्लेम टाकत नाही, डिपॉझिटमधूनच घेतो. नियमाने चुकीचं नाही, फक्त ते नुकसान या भाड्यातलंच आहे हे त्याला दाखवता आलं पाहिजे.

मीनलताई, मी बरीच वर्षं भाड्याच्या गाड्यांच्या यार्डात काढली आहेत, गाडी परत घेण्याचंच काम. तुमच्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्या एकत्र करून भांडू नका. एकेक घेऊ.

आधी दार. व्हिडिओत ते दार कुठे दिसतं ते शोधा आणि तेवढा भाग थांबत-थांबत पाहा. ओल्या गाडीवर बारीक ओरखडे पाण्याने भरून जातात आणि दिसेनासे होतात, म्हणून लगेच "नव्हता" असं म्हणू नका. कंपनीच्या फोटोत ओरखडा हँडलपासून किती खाली, दाराच्या कडेपासून किती आत, हे आधी कागदावर लिहा. मग व्हिडिओत नेमक्या त्याच जागी बघा.

मीनल_चिंचवड

धन्यवाद अण्णा. पाहिलं. कंपनीच्या फोटोत तो हँडलच्या खाली साधारण वीतभर, आडवा, बोटभर लांब आहे. माझ्या व्हिडिओत एक मिनिट आठव्या सेकंदाला तिथे एक बारीक पांढुरकी रेघ दिसते. हे मी त्यांना कालच कळवलं होतं, त्यावर उत्तर आलं की ते यार्डातल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आहे.

अण्णा_भोसरी

हे व्हिडिओवरून सहज ठरतं, फोटोवरून नाही ठरत. प्रतिबिंब कॅमेऱ्याबरोबर सरकतं. तुम्ही चालत पुढे जाता तशी ट्यूबलाइटची रेघ दारावरून घरंगळत पुढच्या दारावर जाते. ओरखडा पत्र्याला चिकटलेला असतो, हँडलपासूनचं त्याचं अंतर बदलत नाही. एक मिनिट सहा सेकंदांपासून अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या सेकंदाची चित्रं काढा आणि प्रत्येकात हँडल आणि ती रेघ यांच्याकडे बघा.

मीनल_चिंचवड

अकरा चित्रं काढली. ट्यूबलाइटची मोठी रेघ मागून पुढे सरकते, अगदी तुम्ही म्हणालात तशी. ही बारीक रेघ प्रत्येक चित्रात हँडलच्या खाली तिथेच आहे. एका चित्रात तर ट्यूबलाइटची रेघ तिच्यावरून जाते आणि दोन्ही वेगळ्या दिसतात.

अण्णा_भोसरी

मग दार मिटलं. ती दोन रेघा वेगळ्या दिसणारी चौकट आणि कंपनीचा फोटो शेजारी-शेजारी लावून पाठवा, खाली वेळ लिहा. अख्खा व्हिडिओ बघायला समोरच्याकडे वेळ नसतो. आठव्या सेकंदाला बोट ठेवून दाखवलं तरच तो बघतो.

कौस्तुभ_दादर

एवढं करायची गरजच नाही. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, जागा सगळं नोंदलेलं असतं. तो पुरावा कोर्टातही चालतो. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, त्यांना नाकारताच येणार नाही.

अण्णा_भोसरी

कौस्तुभ, फाइलमध्ये नोंद असते हे खरं. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान होतो आणि आतली तारीख-वेळ निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि फोनचं घड्याळ कुणीही मागेपुढे करू शकतो, त्यामुळे समोरचा त्या नोंदीवर अडून बसला तर तीही पुरी पडत नाही. त्यापेक्षा ॲपमध्ये चढवलेला फोटो बळकट, कारण त्याची वेळ त्यांच्याच सर्व्हरवर पडते आणि ती त्यांना नाकारता येत नाही. ॲप नसेल तर गाडी ताब्यात घेतल्या जागेवरूनच कंपनीला मेल करायचा. मेलची वेळ आपल्या फोनवर अवलंबून नसते.

ॲड_सुनीता

कोर्टाचा विषय निघालाय म्हणून थोडं. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडायचं असतं, आधी हे 65 ब म्हणून ओळखलं जायचं. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम इतके काटेकोर लावले जात नाहीत, तरी मूळ फाइल मूळ फोनमध्ये न हलवता ठेवा. कापलेली किंवा बाण काढलेली प्रत वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र केल्या की समोरचा वकील आधी तिथेच बोट ठेवतो.

सत्तरीचो_भुरगो

मी गोव्यातला. आमच्याकडे हा त्रास स्कूटरच्या बाबतीत जास्त होतो. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावाने कळंगुटला काळ्या पाटीची स्कूटर घेतली, परत देताना दुकानदार म्हणाला आरशाचा दांडा वाकलाय. भावाकडे व्हिडिओ होता, पण त्यात स्कूटर समोरून आणि बाजूने होती, आरसा मागून कुठेच नव्हता. शेवटी अर्धे पैसे देऊन निघाला. लोक काळी पाटी बघायला मात्र विसरतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत आणि काही मोठं झालं तर विमा कंपनी हात वर करते, तिथे फोटो कामाचे नाहीत. मीनलताई, तुम्ही पाटी नीट बघून घेतली होती ना?

मीनल_चिंचवड

हो, काळी पाटी, पिवळी अक्षरं. पहिल्याच ओळीत लिहिलंय. सध्या प्रश्न रिमचा आहे. ॲपमधल्या फोटोत पुढचं डावं चाक दिसतं, रिम स्वच्छ वाटते. कंपनीच्या फोटोत खरचटलेला भाग वरच्या बाजूला आहे. माझ्या परत देतानाच्या फोटोत वरचा भाग साफ आहे! म्हणजे नंतर घासली असणार ना?

अण्णा_भोसरी

थांबा ताई. चाक फिरतं. वर, खाली, उजवीकडे यांना रिमवर अर्थ नाही. हवा भरायचा व्हॉल्व्ह शोधा आणि तिथून मोजा. व्हॉल्व्हला घड्याळातले बारा समजा, मग खरचटलेला भाग किती वाजता आहे ते प्रत्येक फोटोत सांगा.

दुसरं, तीच रिम आहे ना तेही बघा. मध्ये पंक्चर होऊन स्टेपनी लावली किंवा चाकं अदलाबदल झाली तर पुढची डावी रिम वेगळीच असू शकते. स्टेपनी बऱ्याच गाड्यांत साध्या लोखंडी रिमची असते, ती लगेच ओळखू येते.

मीनल_चिंचवड

व्हॉल्व्हपासून मोजलं. कंपनीच्या फोटोत खरचटणं चारच्या जागी. माझ्या परत देतानाच्या फोटोत व्हॉल्व्ह डावीकडे जरा वर आहे, चारची जागा उजवीकडे जरा वर येते, आणि फोटो मोठा केल्यावर तिथे तेच खरचटणं आहे. घेतानाच्या फोटोत चारची जागा खालच्या उजव्या बाजूला दिसते आणि स्वच्छ आहे, सावलीही नाही. पंक्चर झालं नव्हतं.

म्हणजे रिम आमच्याच प्रवासात घासली. गणपतीपुळ्याला हॉटेलच्या फाटकाशी दीर गाडी लावत होते तिथे फरशीची उंच कड होती, तिथेच असणार. ते पैसे द्यायचे.

देवदत्त

हे बघून बरं वाटलं. बहुतेक धाग्यांत कंपनी चोर आणि आपण साव, एवढंच असतं. मी एका मित्राच्या छोट्या व्यवसायात, भाड्याच्या चार गाड्यांचा हिशेब ठेवतो. आम्हाला महिन्यातून एखादा तरी माणूस भेटतो जो नुकसान उघड दिसत असूनही मान्य करत नाही, आणि तो खर्च शेवटी आमच्या अंगावर पडतो.

पण 3,500 जास्त वाटतात. रंगवलेली अलॉय असेल तर घासून रंग मारून काम होतं. कापून चकाकी दिलेल्या तोंडाची असेल तर यंत्रावर फिरवावी लागते, तिथे खर्च वाढतो. कुठली आहे ते विचारा आणि बिल मागा. अंदाजपत्रक नव्हे, गाडीचा नंबर आणि तारीख असलेलं जीएसटीचं बिल.

अण्णा_भोसरी

देवदत्त बिलाचं बरोबर बोलले. अंदाजपत्रकावर पैसे कापायचे, काम करायचंच नाही आणि पुढच्या भाडेकरूकडून तोच ओरखडा पुन्हा वसूल करायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सगळे करत नाहीत, पण होतं.

आता बंपर. तिथे तुमच्याकडे घेतानाचं काय आहे?

मीनल_चिंचवड

काहीच नाही. आठही फोटो उभ्याने काढलेले, ॲप तशीच चौकट दाखवतं. बंपरची खालची कड कुठेच येत नाही. व्हिडिओतही नाही. माझ्या परत देतानाच्या फोटोतही नाही. फक्त फॉर्मवर "मायनर स्क्रॅचेस".

अण्णा_भोसरी

ती ओळ लिहिणारा माणूस घाईत होता. पुढे दोघांपैकी कुणालाच तिचा उपयोग होत नाही. कंपनी म्हणेल मायनर म्हणजे वरचे, खालची कड नवी. तुम्ही म्हणाल बंपर म्हणजे पूर्ण बंपर. आम्ही नव्या मुलांना लिहायला शिकवायचो ते असं: "पुढचा बंपर, कंडक्टर साइड, नंबर प्लेटपासून दोन वीत, खालची कड, चार बोटं लांब, नख अडकतं." नख अडकत नसेल तर तो रबिंग-पॉलिशमध्ये जातो, अडकत असेल तर रंगकाम. एवढं लिहिलेलं असेल तर पुढे वाद होत नाही.

कंपनीच्या फोटोत घासलेली जागा कशी दिसते? कडा खरबरीत, प्लॅस्टिकची पिसं निघालेली, आतला भाग स्वच्छ काळा असेल तर ताजी. मळ आत बसून करडी झाली असेल तर जुनी.

मीनल_चिंचवड

गाडी धुतल्यावर काढलाय फोटो. करडी आहे की धुतल्यामुळे तशी वाटते ते सांगता येत नाही. पिसं दिसत नाहीत.

अण्णा_भोसरी

प्रेशरने धुतली तर पिसंही जातात. मग यावरून मी काही सांगणार नाही.

पण तुम्ही डॅशबोर्डचा फोटो म्हणालात. त्यातलं रीडिंग काय आहे? आणि तुम्ही परत दिली तेव्हाचं?

मीनल_चिंचवड

घेताना 41,206, परत देताना 41,918. दोन्ही ॲपमध्ये आहेत. कंपनीच्या फोटोत… 41,961.

अण्णा_भोसरी

म्हणजे तुम्ही किल्ली दिल्यानंतर आणि त्यांनी नुकसानाचा फोटो काढायच्या आधी गाडी 43 किलोमीटर चालली. वॉशिंग सेंटरला नेली असेल, पेट्रोल भरलं असेल, दुसऱ्या यार्डात हलवली असेल. वाईट हेतूच असेल असं नाही. पण बंपरची खालची कड स्पीडब्रेकरवर आणि रॅम्पवरच घासते, आणि त्या 43 किलोमीटरमध्ये गाडी कुणाच्या हातात होती हे त्यांनी सांगायला हवं. रिमला हे लागू होत नाही, कारण ती तुमच्या परत देतानाच्या फोटोत आहे. दाराला गरजच नाही. बंपरला मात्र हे रीडिंग महत्त्वाचं.

मेल असा लिहा. तीन मुद्दे तीन वेगळ्या परिच्छेदांत. दार: आधीचं, व्हिडिओतली चौकट जोडली आहे, रक्कम परत करा. रिम: मान्य, बिल पाठवा, बिलाप्रमाणे घ्या. बंपर: घेतानाची नोंद अपुरी, तुमचा फोटो ताबा दिल्यानंतर 43 किलोमीटरने काढलेला, मधल्या काळाचा गाडीचा लॉग द्या. या गाड्यांना जीपीएस असतो, त्यांच्याकडे लॉग असणारच. आवाज चढवू नका, आकडे बोलतील.

अनघा_लीड्स

इथे इंग्लंडमध्ये हेच दुसऱ्या रूपात घडतं. ऑफिस बंद झाल्यावर गाडी लावून किल्ली पेटीत टाकायची सोय असते, आणि करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की सकाळी कर्मचारी गाडी तपासेपर्यंत जबाबदारी तुमचीच. रात्रभर पार्किंगमध्ये कुणी ठोकून गेलं तरी. आम्ही आता उघड्या वेळेतच गाडी देतो आणि तपासणीच्या कागदावर सही घेतो, मागे रांग असली तरी. कंपनी बीव्हीआरएलएची, म्हणजे इथल्या भाड्याने गाड्या देणाऱ्यांच्या संघटनेची, सभासद असेल तर तिथे तक्रार नेता येते. भारतात असं काही आहे का?

ॲड_सुनीता

भाड्याच्या गाड्यांसाठी वेगळी अशी व्यवस्था इथे रुजलेली नाही. 1989 ची रेंट अ कॅब योजना आहे, पण ती मुख्यतः परवान्याबद्दल. अशा वादाला ग्राहक संरक्षण कायदाच. आधी 1915 ला फोन, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन कंपनीपर्यंत तक्रार पोचवते. नाही सुटलं तर जिल्हा आयोग, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. मीनल, तुमच्या करारात "परत घेतल्यानंतर किती तासांत नुकसान कळवू" असं कलम आहे का ते बघा.

मीनल_चिंचवड

कलम आहे. 48 तास. ते मुदतीत बसतात. पण त्याच कलमात "वाहन स्वीकारताना दोन्ही पक्षांनी संयुक्त तपासणी करावी" असंही आहे, ती झाली नाही. यार्डातला मुलगा एक फेरी मारून गेला.

देवदत्त

फेरी मारली हीच तपासणी झाली असं ते म्हणतील. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडेही सकाळी चार गाड्या एकदम आल्या की तेवढंच होतं. धूळ-चिखलाने माखलेल्या गाडीवर ओरखडा दिसतच नाही, धुतल्यावरच दिसतो. म्हणून ती 48 तासांची मुदत अगदीच अन्याय्य आहे असं मला नाही वाटत. धुण्याआधी रीडिंगसकट फोटो काढायला हवेत, हे मात्र कंपनीचं काम.

अण्णा_भोसरी

इथे माझं मत वेगळं आहे. चिखल असेल तर कागदावर "गाडी मळलेली, धुतल्यावर तपासणी बाकी" असं लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. "ठीक आहे ताई" म्हणून पाठवायचं आणि नंतर 48 तासांच्या कलमाकडे बोट दाखवायचं, हे मला पटत नाही. पण आयोग काय म्हणेल ते सुनीताताईंना विचारा.

ॲड_सुनीता

दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. तोंडी "ठीक आहे" सिद्ध करणं अवघड.

मीनल_चिंचवड

अपडेट. अण्णांनी सांगितलं तसा मेल केला, तीन परिच्छेद, चार चित्रं. दाराचे 4,300 परत आले, उत्तरात कारण दिलं नाही. रिमचं बिल आलं, 2,600 चं, वरचे 900 परत करतो म्हणाले. बंपरवर अडून आहेत. 43 किलोमीटर म्हणजे "अंतर्गत हालचाल", लॉग देणं "धोरणात बसत नाही". 1915 ला तक्रार नोंदवली आहे.

कौस्तुभ_दादर

मला पुढच्या आठवड्यात रात्री नऊला गाडी घ्यायची आहे. अंधारात काय करायचं?

अण्णा_भोसरी

फ्लॅश वापरू नका, सरळ उजेडात ओरखडे पुसले जातात. दुसऱ्या फोनचा टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा, उजेड पत्र्यावरून सरपटत गेला पाहिजे. डेंट असेल तिथे सावली पडते, ओरखडा चमकतो. गाडी ओली असेल तर आधी फडक्याने पुसा. व्हिडिओ न थांबवता, सुरुवात नंबर प्लेटपासून आणि शेवट किलोमीटर रीडिंगवर. चारही रिमचा एकेक फोटो व्हॉल्व्ह दिसेल असा. आणि गुडघे टेकून पुढच्या बंपरची खालची कड, दोन्ही बाजूंनी. परत देताना हेच सगळं पुन्हा, त्याच क्रमाने, आणि दोन्ही वेळचं जागेवरूनच कंपनीला मेल.